चंदगडची चाळणी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या ऑनलाइन अर्जाची कल्पना करा. रकाना साधा आहे : तालुक्याचे नाव, इंग्रजी अक्षरांत. हजारो अर्ज आले. कुणी मन लावून भरले, कुणी कंटाळून कळफलकावर बोटे आपटली, आणि काही तर माणसाने भरलेच नाहीत, कुठल्या तरी प्रोग्रॅमने भराभर ओतले. रकान्यात आता अशा नोंदी दिसतात :

```
chandgad
gadhinglaj
xkqzvbtw
asdfghjk
dksYgkiwj
```

कोल्हापूरच्या माणसाला पहिल्या दोन ओळखायला क्षणही लागत नाही. चंदगड आणि गडहिंग्लज. पुढच्या दोन कचरा, हेही दिसते. पाचवीपाशी तो जरा थबकेल. संगणकाला मात्र या पाचही सारख्याच : अक्षरांच्या माळा. बारा तालुक्यांची यादी देऊन ताडून बघता येईल, पण पत्ता, गल्ली, आडनाव यांची यादी कुठून आणणार? म्हणून यादीशिवाय, नुसत्या अक्षरांकडे बघून ‘हा गोंगाट वाटतो’ असे सांगणाऱ्या तीन चाळण्या वापरल्या जातात. पहिली स्वर मोजते, दुसरी अक्षरांची वारंवारता बघते आणि तिसरी एन्ट्रॉपी काढते. प्रत्येक चाळणीतून काय गळते आणि काय अडकते, हे आपल्याच तालुक्यांवर तपासून बघू.

पहिली चाळणी : स्वर

कल्पना सोपी आहे. बोलता येईल अशा शब्दात दोन-तीन व्यंजनांमागे एखादा स्वर लागतोच. `xkqzvbtw` मध्ये a, e, i, o, u पैकी एकही नाही, तो उच्चारताच येत नाही, म्हणून तो कचरा.

आता जिल्ह्याचे बारा तालुके इंग्रजी अक्षरांत लिहून काढू : `karvir, panhala, shahuwadi, kagal, hatkanangale, shirol, radhanagari, gaganbawda, bhudargad, gadhinglaj, chandgad, ajra`. एकूण अक्षरे 97. त्यांत स्वर 37, म्हणजे 38 टक्के. उलट, 26 अक्षरांच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून डोळे मिटून एकेक काढली, दर वेळी परत टाकली, तर स्वर पडण्याचे प्रमाण 26 मध्ये 5, म्हणजे 19 टक्के. एकीकडे 38, दुसरीकडे 19. फरक दुपटीचा आहे, चाळणी चालायला हवी.

पण हे सरासरीचे आकडे झाले आणि आपल्यासमोर येते ती आठ अक्षरांची एकेक नोंद. आठ चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांत एकही स्वर आला नाही, असे कितीदा होईल? पहिली चिठ्ठी व्यंजनाची निघण्याची शक्यता 26 मध्ये 21. तोच अपूर्णांक स्वतःशी आठ वेळा गुणला की उत्तर येते साधारण 18 टक्के. याचा अर्थ, ‘एकही स्वर नसेल तर कचरा’ हा नियम आठ अक्षरांच्या शंभर निव्वळ गोंगाटांपैकी अठराच पकडतो. बाकीच्या ब्याऐंशींत एखादा a किंवा u योगायोगाने पडलेला असतो आणि ते ऐटीत आत जातात. माळ लांबली की हा नियम आणखीच लंगडा होतो : वीस अक्षरांचा गोंगाट पूर्ण स्वरहीन निघण्याची शक्यता दीड टक्क्याहूनही कमी.

मग नियम कडक करू. ‘दोनपेक्षा कमी स्वर असतील तर कचरा.’ आता आठ अक्षरांच्या गोंगाटांपैकी सुमारे 53 टक्के अडकतात. आणखी कडक करून ‘तीनपेक्षा कमी’ म्हणू? इथे चंदगड आडवा येतो. `chandgad` मध्ये आठ अक्षरे आणि स्वर दोनच. जिल्ह्यात स्वरांचे सर्वांत कमी प्रमाण या तालुक्याच्या वाट्याला आले आहे : 25 टक्के. चंदगडला आत घ्यायचे तर उंबरा दोनवरच ठेवावा लागतो, आणि त्या उंबऱ्यावरून जवळजवळ निम्मा गोंगाटही चंदगडच्या मागोमाग आत शिरतो. भोके बारीक केली तर चंदगड अडतो, मोठी ठेवली तर खडेही गळतात. हे संगणकाचे अपयश नव्हे. आठ अक्षरांत मुळी तेवढीच माहिती आहे.

शिवाय स्वर गाळणे हा माणसांचाही धंदा आहे. घाईने पाठवलेल्या संदेशात `mla nhi mhit` असे लिहिलेले आपण बिनदिक्कत वाचतो. कोल्हापुरात शहर बससाठी `KMT` लिहिले तर कुणी अडखळत नाही, आणि गाडीवरचे `MH09` म्हणजे कोल्हापूर, हे शाळकरी पोरही सांगते. यांत स्वर कमी आहेत किंवा नाहीतच, पण अर्थ आहे.

दुसरी चाळणी : कोणते अक्षर किती वेळा

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने एक गोष्ट लिहून ठेवली : कुठल्याही भाषेत सगळी अक्षरे सारखी येत नाहीत, त्यामुळे गुप्त लिपीतल्या मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजले की गुपित उकलू लागते. गोंगाट ओळखायला आपण हीच युक्ती उलटी वापरतो. मजकुरातली अक्षरे भाषेच्या सवयीप्रमाणे आली आहेत का, एवढेच बघायचे.

इथली पहिली चूक फार सहज होते. इंग्रजी पुस्तकांवरून काढलेला तक्ता तयार मिळतो, तोच लावला जातो. त्या तक्त्यात e पहिला, साधारण 12 ते 13 टक्के, आणि त्याच्यामागे t, सुमारे 9 टक्के. आपल्या 97 अक्षरांत बघा : e फक्त एकदा येतो आणि t सुद्धा एकदाच. दोन्ही एकट्या `hatkanangale` मध्ये. उलट a येतो तब्बल 28 वेळा, म्हणजे 29 टक्के. त्याच्यामागे g आणि h, प्रत्येकी नऊ. इंग्रजीच्या मापाने मोजले तर अख्खा कोल्हापूर जिल्हाच संशयित ठरतो.

a इतका का? कारण देवनागरीत प्रत्येक सुट्या व्यंजनात अ दडलेला असतो. रोमन लिपीत लिहिताना तो बाहेर येतो, आणि ‘आ’ सुद्धा त्याच a ने लिहिला जातो. h वाढतो तो ध, भ, श, च यांच्यामुळे. इंग्रजीत त्यांच्यासाठी जोडीला h घ्यावा लागतो. म्हणजे वारंवारतेचा तक्ता हा भाषेचा तर असतोच, पण लिहिण्याच्या पद्धतीचाही असतो. तो घरीच करावा लागतो, आणि करणे अवघड नाही : आपल्याच जिल्ह्यातली गावे, आडनावे, पेठा रोमनमध्ये घ्यायच्या आणि मोजायचे.

मराठीत नेहमीची m आणि y सोडली तर आपल्या छोट्या तक्त्यात q, x, z, f ही चार अक्षरे एकदाही आली नाहीत. म्हणून नियम करू : यांतले एक जरी दिसले तरी संशय. आठ अक्षरांच्या गोंगाटात या चारांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे ही एकटी चाळणी चारातले तीन गोंगाट अडवते. हिच्याखाली स्वरांची चाळणी धरली तर दोन्हींतून सुटणारा गोंगाट 15 टक्क्यांवर येतो. सुरुवातीला निम्मा आत येत होता. ही मोठीच सुधारणा.

आणि तेवढ्यात पत्त्याच्या रकान्यात `laxmipuri` येते. लक्ष्मीपुरी, कोल्हापूरची बाजारपेठ. ‘क्ष’ साठी x लिहिण्याची आपली सवय तालुक्यांच्या यादीत दिसलीच नव्हती, कारण तिथे ‘क्ष’ नव्हता. बारा नावांचा नमुना तोकडा होता. फुलेवाडी कुणी `fulewadi` लिहिले की f ची तीच कथा. म्हणून ‘कधीच नाही’ असे लिहू नये, ‘क्वचित’ लिहावे. न दिसलेल्या अक्षरालाही तक्त्यात थोडासा वाटा द्यावा, म्हणजे एका x पायी अख्खे नाव बाद होत नाही. `xkqzvbtw` सारख्यात मात्र x, q, z एकत्र येतात, तिथे संशयांची बेरीज होते आणि ते बरोबर अडकते.

तिसरी चाळणी : एन्ट्रॉपी

हा शब्द माहितीच्या शास्त्रात आणला क्लॉड शॅनन यांनी, 1948 च्या निबंधात. गणित बाजूला ठेवून खेळ म्हणून बघू. मी एका शब्दातले कुठलेही एक अक्षर मनात धरतो, तुम्ही फक्त हो-नाही प्रश्न विचारून ते ओळखायचे. सरासरी किती प्रश्न लागतील? तोच आकडा म्हणजे ढोबळमानाने एन्ट्रॉपी, आणि तिचे एकक बिट. `aaaaaaaa` असेल तर प्रश्नच नको : शून्य बिट. आठही अक्षरे वेगळी असतील तर दर प्रश्नाला निम्मी बाद करत जायचे : आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचे एक. तीन प्रश्न, तीन बिट.

गोंगाटात सगळी अक्षरे सारख्या हक्काने येतात, म्हणून त्याची एन्ट्रॉपी जास्त. भाषेत काही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून कमी. यावरून बरेच जण थेट उंबरा ठरवतात : एवढ्या बिटपेक्षा जास्त भरले की कचरा.

मोजून बघू. `xkqzvbtw` : आठ अक्षरे, आठही वेगळी. तीन बिट. आता `kolhapur` : k, o, l, h, a, p, u, r. आठ अक्षरे, आठही वेगळी. तीन बिट. अगदी तेवढेच. खुद्द कोल्हापूर या मापाने पूर्ण गोंगाट आहे. आणि `asdfghjk`? तेही तीन बिट.

चूक सूत्रात नाही, लांबीत आहे. आठ अक्षरांच्या माळेची एन्ट्रॉपी तीन बिटांपलीकडे जाऊच शकत नाही, कारण ओळखायला आठच जागा आहेत. अस्सल शब्द आणि गोंगाट दोघेही त्याच छताला डोके टेकवून उभे राहतात. बारा अक्षरांच्या `hatkanangale` मध्ये a चारदा आणि n दोनदा येतो म्हणून ते 2.75 वर उतरते, पण `ichalkaranji` 3.02 वर जाते. एकाला पास आणि दुसऱ्याला नापास करणारा कुठलाही आकडा इथे निव्वळ लहरीचा ठरतो. याच कारणाने एखाद्या प्रोग्रॅमने ‘साडेचार बिटांपलीकडे संशयित’ असा उंबरा ठेवला आणि माळ वीस अक्षरांची असली, तर तो कधीच वाजणार नाही : वीस अक्षरांचे छतच 4.32 बिट आहे. उंबरा ठरवण्याआधी छत किती उंच आहे ते बघावे लागते.

मग एन्ट्रॉपी कामाची नाही का? आहे, पण तिच्यापुढे सुटी नोंद ठेवू नये, ढीग ठेवावा. आपली बाराही नावे सलग जोडून 97 अक्षरांची एकच माळ केली आणि एन्ट्रॉपी काढली, तर ती येते 3.58 बिट. 26 अक्षरांतून चिठ्ठ्या काढून केलेली 97 अक्षरांची माळ येते साडेचार बिटांच्या आसपास. आता दोघांत जवळजवळ एका बिटाचे अंतर आहे, आणि ते योगायोगाने पडणारे नाही. आठ अक्षरांवर आंधळी असलेली चाळणी शंभर अक्षरांवर लख्ख बघते. एका अर्जाबद्दल ती काही सांगत नाही. पण मध्यरात्री दोन ते तीनच्या दरम्यान आलेले पाचशे अर्ज एकत्र घेतले आणि तालुक्याच्या रकान्याची एन्ट्रॉपी एकदम वर गेलेली दिसली, तर ते माणसांनी भरलेले नसावेत असा दाट संशय ती दाखवते.

तिन्ही चाळण्यांचा एक सामाईक दोष

`kolhapur` ची अक्षरे पिसून टाका : `plhkroau`. स्वर तेवढेच, तीन. अक्षरांची वारंवारता तीच. एन्ट्रॉपी तीच, तीन बिट. तिन्ही चाळण्यांना या दोन माळांत तिळाइतकाही फरक दिसत नाही, आणि आपल्याला मात्र तो पहिल्या नजरेत दिसतो. कारण तिन्ही चाळण्या अक्षरे मोजतात, त्यांचा क्रम बघत नाहीत.

क्रम मोजण्याचे काम पहिल्यांदा नेटाने केले ते रशियन गणिती आंद्रेई मार्कोव यांनी. 1913 साली त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली 20,000 अक्षरे हाताने मोजली. त्यांत स्वर निघाले 8,638, म्हणजे 43 टक्के. खरी गंमत पुढे होती : स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण फक्त 13 टक्के, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचे 66 टक्के. भाषेत स्वर किती आहेत यापेक्षा ते कुणाच्या मागे येतात हे जास्त बोलके असते.

आपणही अक्षरांऐवजी जोड्या मोजू. `chandgad` च्या जोड्या : ch, ha, an, nd, dg, ga, ad. यांतल्या dg सोडून सगळ्या मराठी नावांत पैशाला पासरी. पिसलेल्या कोल्हापूरच्या : pl, lh, hk, kr, ro, oa, au. यांतली hk आपल्या गावांच्या नावांत क्वचितच मिळेल, आणि oa अशी स्वरांची रांग आपण सहसा लिहीत नाही. प्रत्येक जोडी किती नेहमीची आहे त्याचे गुण द्यायचे, सरासरी काढायची. स्वर कमी म्हणून ज्या चंदगडला पहिल्या चाळणीने जेमतेम आत घेतले होते, तो इथे ताठ मानेने जातो. `asdfghjk` मधल्या sd, df, fg, gh या जोड्यांपैकी gh तेवढी ओळखीची, बाकी परक्या, तेही अडकते.

याची किंमत एवढीच की तक्ता मोठा लागतो. सुट्या अक्षरांसाठी 26 आकडे पुरतात, जोड्यांसाठी 676. बारा तालुक्यांतून 85 जोड्याच मिळतात, तेवढ्यावर हा तक्ता भरत नाही. निदान काही हजार खरी नावे हवीत. आणि ती इथलीच हवीत. `dnyaneshwar` मधला dny किंवा `lakshmi` मधला kshm परगावच्या तक्त्याला गोंगाटच वाटणार.

पाचवी नोंद

राहिली `dksYgkiwj`. नऊ अक्षरे, स्वर एकच, मध्येच एक मोठे Y, बहुतेक जोड्या विचित्र. स्वरांची चाळणी आणि जोड्यांचा तक्ता दोन्ही तिला कचरा म्हणतील. आणि दोन्ही चुकतील.

ही नोंद कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली आहे. युनिकोड रुळण्याआधी असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकार बसवत. कृतिदेवमध्ये d च्या जागी क, k च्या जागी काना, s च्या जागी मात्रा. काना आणि मात्रा मिळून ओकार, म्हणून dks म्हणजे ‘को’. Y म्हणजे ल्, gk म्हणजे ‘हा’, iw म्हणजे ‘पू’, j म्हणजे र. कोल्हापूर! फॉन्ट हरवला की उरते ती ही माळ. जुन्या डीटीपीच्या फायली उघडताना ज्याने असली पानेच्या पाने पाहिली आहेत, तो ती फेकत नाही, रूपांतर करून घेतो.

हीच चूक दुसऱ्या वाटेनेही होते. इनस्क्रिप्ट कळफलकावर सराव असलेल्या माणसाने भाषा बदलायला विसरून ‘कोल्हापूर’ टंकले तर पडद्यावर उमटते `kanduehtj`. यात स्वर तीन, 33 टक्के. पहिली चाळणी याला सहज सोडते. शब्द एकच, एका वेशात तो कचऱ्यात जातो, दुसऱ्या वेशात दारातून आत येतो.

अशी माळ ओळखण्याचा मार्ग पुन्हा ढिगातूनच जातो. एका वेळी शेकडो ‘स्वरहीन’ नोंदी आल्या, पण त्यांची एन्ट्रॉपी गोंगाटापेक्षा कमी भरली आणि k सारखे एखादेच अक्षर फार वेळा दिसले, तर तो गोंगाट नाही, वेशांतर आहे. मराठीत काना सतत लागतो, आणि कृतिदेवमध्ये तो k होऊन बसतो. अल-किंदींची युक्ती इथे सरळ बाजूने उपयोगी पडते.

देवनागरीत हीच चाळणी कशी?

रकाना देवनागरीत असेल तर स्वरांची चाळणी गुंडाळूनच ठेवावी. ‘शहर’, ‘नगर’, ‘गवत’ यांत एकही स्वरचिन्ह नाही, कारण अ लिहावाच लागत नाही. पण देवनागरीने त्याच्या बदल्यात एक फार चांगली खूण दिली आहे : व्याकरणाच्याही आधीचे, लिपीचेच नियम. काना, वेलांटी, उकार ही चिन्हे व्यंजनाच्या आधाराशिवाय उभी राहत नाहीत. शब्द मात्रेने सुरू होत नाही, आणि एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे चढत नाहीत.

इनस्क्रिप्टवर डाव्या हाताकडे बहुतेक स्वरचिन्हे आहेत, उजव्या हाताकडे व्यंजने. कंटाळलेल्याने डाव्या हाताने a, s, d, f आपटले तर उमटतात ओकार, मात्रा, पायमोड आणि वेलांटी, चारही निराधार. पडद्यावर ठिपक्यांची वर्तुळे दिसतात. मोजदाद न करता कचरा ओळखला. उजव्या हाताने h, j, k, l आपटले तर मात्र उमटते ‘परकत’. मात्रा नाही, नियम मोडलेला नाही, उच्चारायला सोपे. एखाद्या गावाचे नाव वाटावे इतके साळसूद. ते कुठल्याच चाळणीत अडकणार नाही. अडकू नयेच, कारण त्या चाळणीत अडकवायला लागलो तर ‘पन्हाळा’ नाही तरी ‘सरवडे’ अडकेल.

म्हणून या खुणांचा निकाल ‘बाद’ असा लिहायचा नसतो, ‘बघून घ्या’ असा लिहायचा असतो. संशयित नोंदींचा छोटा ढीग बाजूला काढावा आणि तो जिल्ह्याची माहिती असलेल्या माणसापुढे ठेवावा. आणि चाळणी लावण्याआधी तिच्यातून आपले बारा तालुके एकदा ओतून बघावेत. चंदगड गळून खाली आला, तर मग बाकीचे धान्य ओतायला हरकत नाही.